जकातीचा फायदा कोणाला?

कोणता देश काय विकतो आणि काय विकत घेतो, हे त्याच्याकडे श्रम आणि भांडवल यांचे प्रमाण कसे आहे यावर ठरते, असे स्वीडनचे एली हेक्शर यांनी १९१९ साली मांडले. त्यांचे शिष्य बर्टिल ओहलिन यांनी १९३३ च्या ग्रंथात हा विचार विस्ताराने उभा केला. येथे महत्त्व एकूण साठ्याला नाही, प्रमाणाला आहे. अमेरिकेत कामगारांची संख्या मोठी असली, तरी दर कामगारामागे यंत्रसामग्री इतर देशांपेक्षा अधिक असेल, तर ती भांडवलसंपन्नच ठरते. जे मुबलक ते स्वस्त. त्यामुळे अशा देशाला पोलाद स्वस्तात काढता येते आणि मनुष्यबळ जास्त लागणारे कापड बाहेरून आणणे परवडते.

आता अमेरिकेने आयात कापडावर जकात बसवली, तर तिथल्या कामगाराच्या हाती काय पडेल? जकातीने मजुरी वाढली तरी कापडही महागते, तेव्हा कामगार शेवटी होता तिथेच राहतो, असा जुना समज होता. १९४१ मध्ये वोल्फगांग स्टोल्पर आणि पॉल सॅम्युएलसन यांनी तो खोडून काढला.

सोपे काल्पनिक आकडे घेऊ. कापडाच्या एका ताग्याला श्रमाचे ४ तास आणि यंत्राचा १ तास लागतो. एक टन पोलादाला श्रमाचे २ आणि यंत्राचे ३ तास. मजुरी तासाला १० डॉलर आणि यंत्राचे भाडे २० डॉलर असेल, तर तागा ६० डॉलरला पडतो आणि पोलाद ८० डॉलरला. स्पर्धेमुळे किंमत खर्चाइतकीच राहते. कापडावर १० डॉलर जकात बसली आणि देशातला भाव ७० झाला. पोलादाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो; तो ८० च राहिला. दोन्ही हिशेब एकदम जुळवणारी जोडी एकच निघते: मजुरी १३ डॉलर, भाडे १८ डॉलर. ताळा पाहा: कापडासाठी ५२ आणि १८ मिळून ७०, पोलादासाठी २६ आणि ५४ मिळून ८०.

कापड सुमारे १७ टक्क्यांनी महागले, पण मजुरी ३० टक्क्यांनी वाढली. एका ताग्यासाठी कामगाराला पूर्वी ६ तास राबावे लागत होते, आता साडेपाच तासांहूनही कमी. पोलाद तर त्याला आणखी स्वस्त पडते. म्हणजे तो आपला पगार कशावरही खर्च करो, फायद्यातच राहतो. उलट यंत्रमालकाचे भाडे आकड्यानेच घटले, त्यामुळे दोन्ही वस्तू त्याला महागच पडतात.

यामागची हालचाल अशी. जकातीमुळे कापडाचे उत्पादन वाढू लागते आणि त्यासाठी माणसे व यंत्रे पोलादातून बाहेर पडतात. पण पोलाद जितकी यंत्रे मोकळी करते, तितकी कापडाला नको असतात. त्याला हवी असतात माणसे. मग माणसांसाठी ओढाताण होते आणि यंत्रे स्वस्तात द्यावी लागतात. स्वस्त झालेली यंत्रे दोन्ही उद्योग दर कामगारामागे जास्त वापरू लागतात, म्हणून कामगाराची उत्पादकता वाढते आणि मजुरीची वाढ टिकते. (वरच्या हिशेबात तासांचे प्रमाण बदलू दिलेले नाही, बदलू दिले तरी निष्कर्षाची दिशा तीच राहते.)

जगाच्या भावावर ज्याचा प्रभाव नाही अशा देशाचे एकूण उत्पन्न मात्र जकातीने घटते. म्हणजे कामगाराला मिळते त्याहून अधिक यंत्रमालक गमावतो. शिवाय कामगाराचा हा फायदा श्रम दुर्मीळ असलेल्या देशापुरताच. श्रमबहुल आणि यंत्रे आयात करणाऱ्या भारतासारख्या देशाला हेच गणित लावले, तर जकात मजुरीच खाली खेचेल.

व्यवहारात अडचणी पहिल्याच पायरीवर येतात. वासिली लिओंटिएफ यांनी १९५३ मध्ये अमेरिकेचे १९४७ चे आकडे तपासले. निर्यात मालामागे दर कामगारी वर्षाला सुमारे १४ हजार डॉलरचे भांडवल लागत होते. तर आयात होणाऱ्या वस्तू देशातच बनवायच्या तर १८ हजारांहून अधिक. भांडवलसंपन्न देश श्रमप्रधान माल विकत होता! कामगारांचे कौशल्य हेही एक प्रकारचे भांडवलच आहे आणि ते या हिशेबात आलेले नाही, हे त्यावरचे एक वजनदार उत्तर.

दुसरी अडचण काळाची. माग उचलून पोलादाच्या भट्टीत बसवता येत नाही. वर्ष-दोन वर्षांत यंत्रे ज्या उद्योगात असतात तिथेच अडकलेली असतात, आणि जकात लागली की कापडगिरणीचा मालकही खुशीत असतो. स्टीफन मॅगी यांनी १९७३ च्या व्यापार विधेयकावर अमेरिकी काँग्रेसपुढे झालेल्या साक्षी तपासल्या, तेव्हा बहुतेक उद्योगांत मालक आणि कामगार संघटना एकाच बाजूने बोलताना आढळल्या. सिद्धान्तानुसार ते समोरासमोर असायला हवे होते. त्याचे गणित चालते ते जुनी यंत्रे झिजून, त्यांच्या जागी नवे भांडवल दुसऱ्या उद्योगात गुंतवले जाण्याइतका काळ गेल्यावर.