कॅशबॅक वजा जाता वस्तू पडते केवढ्याला?

एखादी वस्तू केवढ्याला पडली हे ठरवायला दोन रकमा लागतात. एक आज खात्यातून गेलेली, दुसरी नंतर परत येणारी. पहिली बिलावर छापलेली असते. दुसरी जाहिरातीत ठळक अक्षरांत दिसते, पण ती मिळण्याच्या अटी खाली बारीक टाइपात असतात. त्या अटी वाचून दुसऱ्या रकमेतली खरोखर हाती येणारी रक्कम वेगळी काढायची आणि तेवढीच बिलातून वजा करायची, असा हा सगळा हिशेब आहे.

दिवाळीच्या सेलमधला एक फ्रिज उदाहरणासाठी घेऊ. वेबसाइटवर किंमत ३८,५०० रुपये. त्यावर सेलची ऑफर अशी: ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १० टक्के कॅशबॅक, जास्तीत जास्त २,००० रुपये, खरेदी किमान १५,००० रुपयांची हवी, रक्कम ९० दिवसांनी जमा होणार. त्याच कार्डावर ऑनलाइन खरेदीला एरवीही ५ टक्के कॅशबॅक मिळतो. त्याची मर्यादा एका बिलिंग सायकलमध्ये १,००० रुपये. शिवाय पुढच्या खरेदीसाठी १,००० रुपयांचे व्हाउचर. हे सगळे वजा करून जाहिरात म्हणते, फ्रिज ३४,५०० रुपयांत. गावातल्या दुकानात तोच फ्रिज यूपीआयने पैसे भरून ३६,४०० रुपयांना मिळतो आणि तिथे पुढची कसलीच अट नाही. घरपोच पोहोचवणे आणि बसवून देणे दोन्हीकडे फुकट आहे असे धरू.

आधी कमाल मर्यादा. २,००० ला १० टक्क्यांनी भागले की २०,००० येतात. म्हणजे १० टक्के हा दर पहिल्या २०,००० रुपयांपुरताच खरा आहे; वरच्या १८,५०० रुपयांवर काहीच मिळत नाही. पूर्ण किमतीवर धरला तर कॅशबॅक सव्वापाच टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. मर्यादेला दराने भागण्याचा हा भागाकार कोणत्याही ऑफरवर सर्वात आधी करावा, कारण टक्केवारी कुठे थांबते ते त्यातून लगेच कळते. ४५,००० रुपयांचा मोठा फ्रिज घेतला तरी परत मिळणार २,०००च. त्यामुळे दोन मॉडेलांत निवड करताना वरचे ६,५०० रुपये पूर्णच्या पूर्ण खिशातून जातात. त्यांवर १० टक्के सुटतील असे धरणे चूक ठरते.

कार्डाच्या ५ टक्क्यांना हाच भागाकार लावला तरी मर्यादा २०,००० रुपयांच्या खरेदीलाच भरते. पण इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि हिशेब सर्वाधिक चुकतो तो इथेच. ही मर्यादा फ्रिजसाठी राखून ठेवलेली नसते. त्या सायकलमधली सगळी खरेदी तिच्यातूनच वाटा घेते. ज्या घरात किराणा, औषधे, कपडे मिळून महिन्याला १२,००० रुपयांची ऑनलाइन खरेदी याच कार्डावर होते, तिथे ६०० रुपये कॅशबॅक फ्रिज घेतला नसता तरी मिळणारच होता. फ्रिजमुळे नव्याने हाती आले ते उरलेले ४०० रुपयेच. किराण्याच्या आधी फ्रिज घेतला तर स्टेटमेंटमध्ये फ्रिजसमोर १,००० दिसतील आणि किराण्यासमोर शून्य, पण महिन्याची बेरीज तीच राहते. म्हणून विचारायचे ते एवढेच: ही खरेदी केल्याने एकूण कॅशबॅक कितीने वाढला? फ्रिजच्या किमतीतून तेवढाच वजा करायचा.

मर्यादा कधी नव्याने सुरू होते हेही पाहून ठेवावे. काही कार्डांवर ती स्टेटमेंटच्या तारखेनंतर सुरू होते, काहींवर महिन्याच्या १ तारखेला. सायकल संपायला दोन दिवस उरले आहेत, मर्यादेतले ७०० रुपये अजून शिल्लक आहेत आणि त्या दोन दिवसांत दुसरी मोठी खरेदी होणार नाही, असे असेल तर ते ७०० पूर्णपणे फ्रिजच्या खात्यावर धरता येतात. एरवी ते वायाच गेले असते.

किमान खरेदीची अट फ्रिजला अडचणीची नाही, ३८,५०० हे १५,००० च्या बरेच वर आहेत. ती अट खरी जाचते किराण्याच्या बिलात. समजा २,००० रुपयांच्या खरेदीवर १५० रुपये कॅशबॅक आहे आणि बिल झाले १,७८०. घरात नेहमी लागणारी २२० रुपयांची कपड्याच्या साबणाची पावडर त्यात टाकली, तर ती ७० रुपयांत पडली. पुढच्या महिन्यात ती घ्यायचीच होती, म्हणून हा पूर्ण दीडशेचा फायदा. त्याऐवजी नको असलेले २२० रुपयांचे काही टाकले तर ७० रुपयांचा तोटा होतो. तुटीची रक्कम कॅशबॅकपेक्षा कमी असेल तर काहीही घेतले तरी नुकसान नाही. ती जास्त असेल तर वस्तू खरोखर उपयोगाची आहे का, हे पाहावेच लागते.

किमान रक्कम कोणत्या आकड्यावर मोजली जाते, याने पुष्कळ जण फसतात. बहुधा ती कूपन वजा झाल्यावर, डिलिव्हरीचा आकार न धरता, कार्डावरून प्रत्यक्ष कापल्या गेलेल्या रकमेवर पाहिली जाते. २,०४० च्या बिलाला ६० रुपयांचे कूपन लावले की रक्कम १,९८० वर येते आणि दीडशेचा कॅशबॅक जातो. साठ रुपये वाचवण्यात निव्वळ नव्वद रुपये गेले. वॉलेटमधली जुनी शिल्लक किंवा गिफ्ट कार्ड वापरून बिलाचा काही भाग भरला, तरी हेच होऊ शकते. परतीचेही तसेच. २,०५० च्या खरेदीतली ३०० रुपयांची वस्तू परत केली की उरतात १,७५०. मग विक्रेता परताव्यातून कॅशबॅकचे १५० कापून घेतो, किंवा तो कॅशबॅक जमाच होत नाही. तीनशेची वस्तू परत करून हाती आले दीडशे. कपडे आणि चपला मापात न बसल्याने वरचेवर परत जातात. त्यामुळे अशा बिलात किमान रकमेच्या जेमतेम वर राहणे धोक्याचे असते.

आता उशिराने मिळणारा परतावा. २,००० रुपये ९० दिवस उशिरा आले तर व्याजाच्या दृष्टीने तोटा किती? वर्षाला ७ टक्के दर धरला तर सुमारे ३५ रुपये. म्हणजे आजच्या हिशेबाने ते १,९६५ झाले. ही घट किरकोळ आहे. केवळ थांबावे लागते म्हणून चांगली ऑफर सोडण्याचे कारण नाही. पण याच नव्वद दिवसांत ती रक्कम अजिबात न मिळण्याचे रस्ते पुष्कळ आहेत. ९० दिवस खरेदीपासून मोजायचे की ऑफर संपल्यापासून, हे अटींत असते आणि सेल लांबला तर तारीखही लांबते. दरम्यान कार्ड बंद केले किंवा बिल थकले तर अनेक बँका कॅशबॅक देत नाहीत. मिळाला नाही हे लक्षात येईपर्यंत खरेदीचा विसर पडलेला असतो, आणि सर्वाधिक कॅशबॅक बुडतो तो असाच, कुणी न मागितल्यामुळे.

बिल वेळेवर पूर्ण भरले नाही तर पुढचा हिशेबच करायला नको. क्रेडिट कार्डावरचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३८,५०० रुपयांवर एका महिन्याचे हे दोन्ही मिळून सुमारे १,५९० रुपये होतात. सेलचा जवळजवळ सगळा कॅशबॅक एका महिन्यातच संपला. आणखी एक बारकावा: जमा झालेल्या कॅशबॅकने थकबाकी तेवढी कमी दिसते, पण बऱ्याच बँका त्या महिन्याची किमान देय रक्कम भरली असे त्यावरून मानत नाहीत. ती वेगळी भरावीच लागते.

राहिले व्हाउचर. त्याची अट आहे ३० दिवसांत किमान ४,००० रुपयांची खरेदी. तशी काही खरेदी ठरलेली नसेल तर त्याची किंमत शून्य धरावी. प्रेशर कुकर आणि मिक्सर त्याच महिन्यात घ्यायचेच होते, पण त्या साइटवर ते बाजारापेक्षा ३०० रुपयांनी महाग आहेत, तर व्हाउचर ७०० रुपयांचे. रिवॉर्ड पॉइंटांचेही असेच आहे. एक पॉइंट रोख घेताना किती पैशांचा आणि वस्तूंच्या यादीतून घेताना किती पैशांचा, हे दोन दर वेगवेगळे असू शकतात. जो मार्ग खरोखर वापरला जाणार असेल त्याचा दर धरायचा आणि पॉइंट वटवण्याची फी असली तर ती वजा करायची.

आता फ्रिजचा हिशेब मांडता येतो. ३८,५०० मधून सेलच्या कॅशबॅकचे १,९६५ आणि कार्डाचे ४०० वजा केले, व्हाउचर शून्य धरले, तर फ्रिज ३६,१३५ रुपयांना पडतो. जाहिरातीतल्या ३४,५०० पेक्षा ही किंमत १,६३५ रुपयांनी जास्त आहे. गावातल्या दुकानापेक्षा ती कमी असली तरी फरक फक्त २६५ रुपयांचा आहे, आणि तोही ९० दिवसांनंतरचे २,००० नक्की येतील असे गृहीत धरून.

ते गृहीतही तपासता येते. सेलचा कॅशबॅक आलाच नाही तर वेबसाइटवरचा फ्रिज ३८,१०० ला पडेल, म्हणजे दुकानापेक्षा १,७०० रुपयांनी महाग. १,७०० ला १,९६५ ने भागले की ०.८७ च्या जवळपास येतात. याचा अर्थ, कॅशबॅक मिळण्याची खात्री शंभरात सत्त्याऐंशीपेक्षा जास्त वाटत असेल तरच वेबसाइट परवडते. ज्याच्या कार्डावर याआधीचे कॅशबॅक वेळेवर जमा झाले आहेत आणि जो ठरलेल्या तारखेला स्टेटमेंट उघडून पाहणार आहे, त्याला एवढी खात्री सहज बाळगता येईल. बाकीच्यांना दुकानच स्वस्त आहे. फ्रिज बिघडला तर जाब विचारायला समोर माणूस असतो, हा फायदा तर या आकड्यांत धरलेलाही नाही.

वेबसाइटवरून घ्यायचे ठरले तर पैसे भरण्याआधी अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवावा, कारण सेल संपल्यावर ते पान बहुधा सापडत नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये कॅशबॅकची तारीख आणि रक्कम टाकावी. त्या तारखेनंतरच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. कॅशबॅक बँकेचा नसून विक्रेत्याच्या वॉलेटमध्ये येणार असेल, तर दाद राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मागायची.