शेवट न फोडता पुस्तक कसे सांगावे? ‘नामपल्ली रोड’च्या परीक्षणाची व्हिडिओ-संहिता होताना

हैदराबादचे ‘डेक्कन’ रेल्वेस्थानक तेथील लोक आजही नामपल्ली याच नावाने ओळखतात. स्थानकाच्या परिसरात सरोजिनी नायडू यांचे ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ हे घर आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठाचा कारभार आरंभी याच वास्तूतून चाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मीना अलेक्झांडर या तरुण कवयित्रीने या विद्यापीठात इंग्रजी शिकवले. पुढे त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि १९९१ मध्ये त्यांची ‘नामपल्ली रोड’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. रस्त्याच्या नावाची ही छोटेखानी कादंबरी पुस्तक-परीक्षणाचे व्हिडिओत रूपांतर करू पाहणाऱ्यांसाठी उत्तम धडा ठरते. कारण तिचा मध्यवर्ती विचार आणि तिचा शेवट एकमेकांत घट्ट गुंतलेले आहेत. विचार सांगावा तर शेवट निसटतो, शेवट झाकावा तर विचार अर्धवट राहतो.

लेखी परीक्षणात ही अडचण एवढी जाणवत नाही. वाचकाच्या हाती संपूर्ण मजकूर असतो. शेवटाची चर्चा सुरू झाली आहे असे दिसताच तो परिच्छेद ओलांडून पुढे जाऊ शकतो. शिवाय परीक्षणकर्त्याचे कामच निष्कर्ष काढण्याचे असल्याने शेवटावर बोलण्याचा त्याला अधिकार असतो. व्हिडिओ पाहणाऱ्याला अशी सोय नसते. वाक्य कानावर पडले की पडले. ते परत घेता येत नाही. म्हणून परीक्षण जसेच्या तसे कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवणे हा रूपांतराचा मार्ग नव्हे.

समजा, या कादंबरीवरील एका परीक्षणाचा गाभा असा आहे : ‘इंग्लंडमधील शिक्षण संपवून मीरा हैदराबादेत परतते, महाविद्यालयात इंग्रजी कविता शिकवू लागते. आपण लिहू लागलो की आपले विखुरलेले आयुष्य जुळून येईल, अशी तिची समजूत आहे. शहरातील हिंसा या समजुतीला धक्का देते. अखेरीस मीरा अशा निष्कर्षाप्रत येते, की…’ परीक्षणात हे चौथे वाक्य पूर्ण असते. येथे ते मुद्दाम तोडले आहे. कारण संहितेचे पहिले काम ते वाक्य ओळखून बाजूला ठेवणे हेच आहे.

ते ओळखण्याची रीत सोपी आहे. परीक्षणाची छापील प्रत घ्यावी आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात एक पृष्ठक्रमांक लिहावा : ही गोष्ट वाचकाला पुस्तकाच्या कोणत्या पानावर कळते? पहिल्या तृतीयांशात कळणारे सर्व काही सांगण्यास मोकळे समजावे. त्यानंतरचे तपशील पुस्तकाच्या वेष्टनावर प्रकाशकानेच उघड केले असतील तरच घ्यावेत. ज्या वाक्यासमोर शेवटच्या प्रकरणाचा क्रमांक पडेल, ते संहितेत येणार नाही. अनेकदा ‘हा तर माझा अभिप्राय आहे, कथानक नव्हे’ असे वाटणाऱ्या वाक्यासमोरही शेवटचेच पान लिहावे लागते. ‘नायिकेची फरफट वाचवत नाही’ किंवा ‘लेखिका अखेर आशेचा किरण दाखवते’ ही वाक्ये एकही घटना सांगत नाहीत, तरीही शेवट सांगतात.

आता उरलेल्या वाक्यांतून पुस्तकाचा विचार कसा पोहोचवायचा? परीक्षण उत्तर देते. संहितेने त्या उत्तरामागचा प्रश्न शोधायचा असतो. मात्र प्रश्न कोणताही चालत नाही. ‘साहित्य समाज बदलू शकते का?’ हा प्रश्न शंभर पुस्तकांना लागू पडेल. ‘नामपल्ली रोड’चा प्रश्न मीराच्या जागेवरून विचारावा लागतो : रस्त्यावर माणसांवर लाठ्या चालत असताना, त्याच रस्त्यावरून रोज कविता शिकवायला जाणाऱ्या बाईच्या शब्दांचा उपयोग कोणाला? या प्रश्नात व्यक्ती आहे, स्थळ आहे, पेच आहे. कादंबरीचा संपूर्ण विचार त्यात बीजरूपाने आहे, आणि उत्तर मात्र नाही.

पेच डोळ्यांसमोर उभा करण्यासाठी एकच प्रसंग निवडावा, तोही आरंभीचा. या कादंबरीत तो आयताच मिळतो : कराच्या ओझ्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेले संत्रीविक्रेते आणि त्यांच्यावर तुटून पडणारी मुख्यमंत्र्यांची माणसे. दुसरा उपयुक्त धागा म्हणजे या मुख्यमंत्र्यांच्या, लिम्का गौडा यांच्या, साठाव्या वाढदिवसाच्या सोहळ्याची शहरभर चाललेली तयारी. तयारी सांगावी; सोहळ्यात काय घडते ते सांगू नये. एवढ्याने ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी जवळ येत असल्याची भावना तयार होते आणि कथानक शाबूत राहते.

संहितेचा आरंभ आणि शेवट मग असा लिहिता येईल :

दृश्य : रस्त्यावर विखुरलेली संत्री. पडद्यावर अक्षरे : ‘हैदराबाद, सत्तरचे दशक.’
निवेदन : संत्री विकणारी साधी माणसं. कर परवडत नाही म्हणून रस्त्यावर आली. आणि त्यांच्यावर लाठ्या पडल्या.

दृश्य : वर्गातील फळा, खडूने अर्धवट लिहिलेली ओळ.
निवेदन : त्याच शहरात मीरा इंग्रजी कविता शिकवते. इंग्लंडहून नुकतीच परतली आहे. तिला लिहायचं आहे. लिहिलं की आयुष्य जुळून येईल, असं तिला वाटतं.

दृश्य : भिंतीवर सोहळ्याची भित्तिपत्रके चिकटवणारे हात.
निवेदन : मुख्यमंत्र्यांचा साठावा वाढदिवस जवळ येतोय. शहर सजतंय. आणि मीराची ओळ काही पूर्ण होत नाही.

दृश्य : पुस्तकाचे मुखपृष्ठ.
निवेदन : अशा रस्त्यावर शब्दांचं काम काय? मीना अलेक्झांडर यांची ‘नामपल्ली रोड’ हा प्रश्न विचारते.

परीक्षणात लेखिकेचा परिचय पहिल्या परिच्छेदात असतो; येथे तिचे नाव शेवटी आले आहे. परीक्षणाची लांब, उपवाक्यांची भाषा तुटून छोटी झाली आहे आणि ‘माणसे, असे, लिहिले’ यांतील एकाराच्या जागी बोलीतील अनुस्वार आले आहेत. संथ, स्पष्ट निवेदनात मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे मराठी शब्द मावतात. वरील निवेदन साठेक शब्दांचे आहे, म्हणजे दृश्यांसाठी थांबत गेल्यास सुमारे एका मिनिटाचे. बाराशे शब्दांचे परीक्षण दोन मिनिटांत आणायचे तर हजाराच्या आसपास शब्द सोडावे लागतात. मोठ्याने वाचून घड्याळ लावल्याशिवाय ही लांबी कळत नाही.

गळती केवळ शब्दांतून होत नाही. व्हिडिओच्या दर्शनी चित्रासाठी संपादक सर्वांत नाट्यमय प्रतिमा निवडतो, आणि पुस्तकातील सर्वांत नाट्यमय प्रतिमा बहुधा शेवटच्या प्रकरणातच असते. अखेरच्या निवेदनाखाली करुण सनई वाजली, तर न सांगितलेला शेवट सनई सांगते. ‘शेवट तुम्हाला हादरवून टाकेल’ हे आमिष तर दर्शकाला शेवटची वाटच पाहायला लावते. दृश्यांची आणखी एक खोच आहे. आजच्या नामपल्लीत चित्रीकरण केले तर चौकटीत मेट्रोचे खांब येतात, आणि दर्शक कथा आजची समजतो. असे दृश्य वापरायचेच असेल तर ‘आजची नामपल्ली’ ही अक्षरे त्यावर असणे आवश्यक आहे.

या कादंबरीत एक अवघड भाग आहे, आणि तेथे शेवट झाकण्याचा नियम पुरेसा पडत नाही. पोलिसांच्या ताब्यात एका स्त्रीवर झालेला सामूहिक अत्याचार कथेच्या केंद्राजवळ आहे, आणि त्यावर १९७८ मध्ये हैदराबादेत प्रत्यक्ष घडलेल्या घटनेची छाया आहे. ‘हे कथानक आहे, फोडू नये’ म्हणून त्याबद्दल मौन पाळले, तर अशा वर्णनाने ज्याची जखम उघडी पडेल त्या वाचकाला आपण अंधारात ठेवतो. ते धक्क्यासारखे वापरले, तर पीडितेच्या दुःखाची जाहिरात होते. योग्य मार्ग एका साध्या वाक्याचा आहे : ‘या कादंबरीत पोलीस कोठडीतील लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे.’ कोण, कसे, पुढे काय, हे सांगू नये. प्रत्यक्ष घटनेचा उल्लेख करायचा झाल्यास पीडितेचे नाव घेऊ नये. भारतीय न्याय संहितेचे ७२ वे कलम अशी ओळख उघड करण्यास प्रतिबंध करते. इशारा देणे आणि शेवट फोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इशारा वाचकाला निवड करू देतो, फोडलेला शेवट ती निवड काढून घेतो.

संहिता साधली की नाही, हे चित्रीकरणापूर्वीच तपासता येते. पुस्तक न वाचलेल्या दोघा-तिघांना निवेदन एकदाच ऐकवावे आणि दोन प्रश्न विचारावेत. पहिला : हे पुस्तक कशाबद्दल आहे? ‘हैदराबादबद्दल’ एवढेच उत्तर आले तर विचार पोहोचलेला नाही. ‘लिहिणारी बाई आणि रस्त्यावरची हिंसा’ असे काही आले तर पोहोचला. दुसरा : शेवटी काय होत असेल? सर्वांचे अंदाज एकसारखे आणि खरे निघाले तर कोठेतरी गळती आहे. ज्या वाक्यामुळे तसे वाटले ते वाक्य त्यांनाच विचारून काढावे. अंदाज परस्परांहून वेगळे असतील, तर संहिता तयार आहे.

ज्याने पुस्तक वाचले आहे अशा एकालाही ती दाखवावी. शेवट ठाऊक असणाऱ्याला संहितेतील प्रश्न खोटा किंवा दिशाभूल करणारा वाटता कामा नये. ‘नामपल्ली रोड’ मिटवल्यावर मीराच्या अर्धवट ओळीचे काय झाले, हे त्या वाचकाला माहीत असते. निवेदनातील अखेरचा प्रश्न ऐकून तो ‘होय, हे पुस्तक याच प्रश्नाचे आहे’ असे म्हणाला, तर शेवट झाकूनही पुस्तकाशी प्रामाणिक राहता आले आहे.