पैसे गेल्याची खबर: एसएमएस की पुश?

खात्यातून पैसे वजा झाले की बँकेने ते ग्राहकाला कळवायचे असते. ही खबर दोन वाटांनी जाऊ शकते. एक एसएमएसची आणि दुसरी बँकेच्या अ‍ॅपमधून येणाऱ्या नोटिफिकेशनची, म्हणजेच पुशची.

एसएमएसला दर संदेशामागे पैसे पडतात आणि मराठीत ते जास्त पडतात. रोमन लिपीतल्या एका संदेशात 160 अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त 70, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मजकूर लांबला की त्याचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे बिल लागते. समजा दहा लाख ग्राहक महिन्याला प्रत्येकी 20 व्यवहार करतात आणि दर 12 पैसे आहे. मग महिन्याचा खर्च 24 लाख रुपये होतो आणि मराठी संदेशाचे दोन भाग पडले तर 48 लाख. पुश पाठवायला गूगल किंवा अ‍ॅपल पैसे घेत नाहीत. एचडीएफसी बँकेने जून 2024 पासून 100 रुपयांपेक्षा कमी यूपीआय खर्चाचे एसएमएस थांबवले. चहाच्या दहा रुपयांसाठी संदेश हवा असणारेही थोडेच.

पोहोच मात्र एसएमएसची मोठी आहे. त्याला अ‍ॅप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, बटणांचा फोनही चालतो. पुशला हे दोन्ही लागते, शिवाय परवानगीही. आयफोन ती विचारतोच. अँड्रॉइडवरही 2022 च्या 13 व्या आवृत्तीपासून ती मागावी लागते आणि घाईत ‘नको’ दाबणारे कमी नसतात.

भरवशाच्या बाबतीत दोन्ही वाटा अडखळतात. भारतात एसएमएसचा मजकूर दूरसंचार कंपनीकडे आधी नोंदवलेल्या साच्याशी जुळावा लागतो. बँकेने साचा न बदलता एखादा शब्द बदलला की संदेश वाटेतच अडतो. एकाच प्रकारचे संदेश सगळ्याच नंबरांवर एकदम बंद झाले, तर आधी साचा तपासावा. पुशचे अपयश याहून फसवे असते. गूगलच्या सर्व्हरने ‘यशस्वी’ म्हटले तरी त्याचा अर्थ संदेश स्वीकारला एवढाच. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमुळे तो फोनवर उशिरा दिसू शकतो किंवा दिसतच नाही. म्हणून पोच अ‍ॅपनेच बँकेला उलट कळवावी लागते.

या पोचेवरच निवड बेतता येते. लहान रकमेला आधी पुश पाठवावे आणि अर्ध्या मिनिटात पोच आली नाही तर एसएमएस. मोठ्या रकमेला वाट न पाहता दोन्ही पाठवावेत. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, बँक किंवा ग्राहक या दोघांचीही चूक नसलेल्या फसवणुकीत, खबर मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकावर तोटा येत नाही. त्यामुळे खबर कधी पोहोचली याची नोंद बँकेलाही लागते. दोन्ही वाटा वापरण्याला आणखी एक कारण आहे. भामट्याने ग्राहकाच्या नावे नवे सिम काढले तर एसएमएस त्याच्याकडे जातो. पुश मात्र वायफाय चालू असेल तर मूळ फोनवरच येते.