‘पेमेंट होत नाही’ एवढ्याने भागत नाही

ऑनलाइन दुकान चालवणारे फ्रीलान्स डेव्हलपरला बहुतेकदा एवढंच कळवतात: “चेकआउट बंद पडलंय, लवकर बघा.” तो स्वतः ऑर्डर टाकून बघतो, ती व्यवस्थित जाते आणि दिवस फुकट जातो. बिघाड ठरावीक वाटेने गेल्यावरच दिसतो. ती वाट लिहून देणं हाच बग रिपोर्टचा गाभा.

समजा, वूकॉमर्सवर मसाल्यांचं दुकान आहे. रिपोर्ट असा हवा: अँड्रॉइड फोन, क्रोम, लॉगिन न करता. कांदा-लसूण मसाल्याची दोन पाकिटं कार्टमध्ये टाकली, पत्ता भरला, यूपीआयने ४८० रुपये भरले आणि दुकानाच्या पानावर न परतता क्रोम बंद केलं. अपेक्षित: ऑर्डर Processing दिसावी, ग्राहकाला ईमेल जावा. प्रत्यक्षात: पैसे कापले गेले, ऑर्डर Pending payment वरच अडकली, ईमेल नाही. पानावर परतल्यास मात्र सगळं सुरळीत.

यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवे दुकानाच्या सर्व्हरला वेबहुकने परस्पर पाठवतो. ग्राहक पानावर परतला, तर हीच खात्री त्या वाटेनेही होऊ शकते. ती वाट चालू आहे म्हटल्यावर संशय वेबहुकवर जातो आणि डेव्हलपर आधी त्याच्याच नोंदी उघडतो.

कारणाचा अंदाज बांधायचाच असेल, तर तो वेगळा लिहावा; ‘प्रत्यक्षात’मध्ये फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. सोबत ऑर्डर क्रमांक, वेळ आणि व्यवहार क्रमांक द्या. ओटीपी, पिन आणि पासवर्ड मात्र रिपोर्टमध्ये कधीच लिहू नका.