कातरवेळची धडधड आणि शांत करणारा अर्धा तास

दिवसभर कामात गुंतलेले मन संध्याकाळी मोकळे होते आणि बाजूला ठेवलेल्या काळज्या पुढे येतात. पाच-सहाच्या सुमारास घेतलेला चहा किंवा कॉफी त्यात भर घालू शकते, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. श्वास उथळ होतो, छातीत धडधडते. अशा वेळी ‘काळजी करायची नाही’ असे मनाला कितीही बजावले तरी ते ऐकत नाही. त्याऐवजी लक्ष गुंतवायला एखादी सौम्य गोष्ट मिळाली आणि श्वासाला संथ लय सापडली, की शरीर आधी सैल होते आणि मन हळूहळू त्याच्यामागे जाते.

संगीताचा उपयोग इथेच होतो. तैवानमध्ये साठीपुढच्या, झोप नीट न लागणाऱ्या लोकांना झोपण्यापूर्वी 45 मिनिटे संथ संगीत ऐकवले गेले. त्याची लय मिनिटाला 60 ते 80 ठोक्यांची, म्हणजे विश्रांतीतल्या हृदयाच्या गतीजवळची होती. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन आठवड्यांत त्यांची झोप सुधारल्याचे दिसले. परिणाम दर आठवड्याला वाढत गेला. एका रात्रीत फरक पडला नाही म्हणून सोडून देणे म्हणूनच घाईचे ठरते.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी निवड करताना रागाच्या वेळेइतकेच बंदिशीच्या लयीकडेही पाहावे. मारवा सूर्यास्ताचा राग खरा, पण त्यात पंचम वर्ज्य असतो, षड्ज लांबवर टाळला जातो आणि एक हुरहूर तयार होते. आधीच अस्वस्थ असलेल्याला ती आणखी बेचैन करू शकते. रात्रीच्या पहिल्या प्रहरातला यमन बहुतेकांना अधिक सोसतो. ख्यालाचे ध्वनिमुद्रण मात्र विलंबिताने सुरू होऊन द्रुतात संपते, म्हणजे लय नेमकी उलट दिशेने चढते. म्हणून आलाप किंवा विलंबित ऐकून तिथेच थांबावे, किंवा नुसता तानपुरा लावावा. शब्द असलेल्या गाण्याशी दुखरी आठवण जोडलेली असेल, तर बासरी किंवा सतार बरी. आवाज शेजारच्या माणसाशी हळू बोलता येईल इतकाच ठेवावा.

घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर त्याच्या अंगावरून संथपणे हात फिरवण्याचाही आधार होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातील 2019 च्या अभ्यासात कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटे कुरवाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण नुसते पाहणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. प्राण्याची इच्छा मात्र ओळखावी लागते. त्याने तोंड फिरवले, कान मागे टाकले किंवा मांजर शेपटी आपटू लागले, तर हात थांबवावा.

झाडांची निगा हाही असाच हाताला गुंतवणारा उद्योग आहे. नेदरलँड्समधील 2011 च्या प्रयोगात ताण देणाऱ्या कामानंतर काही जणांनी अर्धा तास बागकाम केले आणि काहींनी वाचन केले. दोन्ही गटांचे कॉर्टिसॉल उतरले, पण बागकाम करणाऱ्यांचे अधिक. गॅलरीतल्या चार कुंड्याही यासाठी पुरतात. अस्वस्थ हात मात्र रोज पाणी घालत बसतात आणि मुळे कुजतात. बोट इंचभर मातीत खुपसून ओल तपासावी. ओल लागली तर पाणी न घालता पिवळी पाने काढावीत, धुळीची पाने ओल्या फडक्याने पुसावीत.

पंख्याचा, पावसाचा किंवा ओढ्याचा एकसारखा आवाज हॉर्न आणि दारांची आदळआपट झाकतो, त्यामुळे दचकणे कमी होते. तो बाहेरच्या गोंगाटाहून मोठा करण्याची गरज नसते.

समजा, कोणी सातला घरी येते आणि धडधड जाणवू लागते. आधी दहा मिनिटे कुंड्या पाहाव्यात. मग मंद आलाप लावून बसावे, तीन आकडे मोजत श्वास घ्यावा आणि पाच मोजत सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, म्हणून तो भाग लांब ठेवायचा. मांजर जवळ आले तर हात तिच्या पाठीवर जाऊ द्यावा. खांदे सैल होणे, श्वास पोटापर्यंत जाणे आणि जांभई येणे या उपाय लागू पडत असल्याच्या खुणा. वीस मिनिटांनंतरही बेचैनी वाढत असेल, तर संगीत बंद करून घरातल्या कोणाशी बोलावे किंवा चालायला जावे.

हे उपाय आधाराचे आहेत, उपचाराची जागा घेणारे नव्हेत. अस्वस्थता दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, झोप किंवा काम बिघडले, तर डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते. जीव नकोसा वाटत असेल, तर तिथे लगेच फोन करावा. छातीत दुखणे किंवा दम कोंडणे पहिल्यांदाच होत असेल, तर ते काळजीमुळे असल्याचे गृहीत न धरता ताबडतोब रुग्णालय गाठावे.