फाइल उडवली, तरी डिस्क भरलेलीच

रात्री अडीच वाजता सर्व्हरचा इशारा येतो: डिस्क ९६ टक्के भरली. आमच्या गटात या एकाच कामाच्या तीन तऱ्हा होत्या. एक जण सर्व्हरच रीस्टार्ट करायचा, दुसरा जुन्या फाइली शोधायचा, तिसरा सर्वांत मोठी लॉग फाइल `rm` ने उडवून मोकळा व्हायचा. अशाच एका रात्री फाइल उडवली, पण डिस्क ९६ टक्क्यांवरच राहिली.

कारण साधं आहे. लिनक्समध्ये `rm` फाइलचं फक्त नाव काढून टाकतं. एखादा चालू प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर तो ती सोडेपर्यंत जागा अडलेलीच राहते. फाइल दिसत नाही, पण जागाही सुटत नाही. हे माहीत असलेला सहकारी त्या रात्री झोपलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या डोक्यातलं कागदावर आणलं. ही आमची पहिली रनबुक. तिचा गाभा तीन आज्ञांचा:

```
df -h
sudo du -xh --max-depth=1 /var | sort -h
sudo lsof +L1
```

पहिली आज्ञा कोणता भाग भरला ते सांगते. तो `/var` असेल, तर दुसरी तिथे कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली ते दाखवते. `df` ला दिसणारी भरलेली जागा `du` च्या बेरजेपेक्षा बरीच जास्त निघाली, तर नाव पुसलेली फाइल कुणीतरी धरून ठेवली आहे असा संशय घ्यायचा. तिसरी आज्ञा तो प्रोग्रॅम नावानिशी दाखवते. मग संपूर्ण सर्व्हर बंद न करता तेवढी एक सेवा रीस्टार्ट करायची.

प्रत्येक पायरीपुढे आम्ही दोन गोष्टी लिहिल्या: पडद्यावर काय दिसायला हवं, आणि तसं दिसलं नाही तर कुठे जायचं. ‘लॉग तपासा’ असं मोघम वाक्य प्रत्येक जण आपापल्या परीने वाचतो, म्हणून तिथे आज्ञाच लिहिली. थांबण्याची जागाही ठरवली: मोठा फोल्डर डेटाबेसचा निघाला, तर कशालाही हात न लावता डेटाबेस सांभाळणाऱ्याला उठवायचं. काम संपल्याची खूणही एकच, पुन्हा `df -h` लावल्यावर ८० टक्क्यांच्या खाली आकडा.

ही रनबुक आम्ही ‘डिस्क भरली’ या तिकिटाच्या प्रकारालाच जोडली. तिकीट उघडलं की पायऱ्या समोर येतात, शोधाशोध उरत नाही.

मग ती सर्वांत नव्या मुलीच्या हातात दिली आणि लिहिणारा शेजारी गप्प बसला. ती दोनदा अडली. त्या दोन्ही जागी एकेक ओळ कमी होती. तुम्ही रनबुक लिहाल, तेव्हा ही चाचणी चुकवू नका.