हृदयाची आकृती कशी वाचावी?

जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मानवी हृदयाचा उभा छेद दिलेला असतो, त्यावर पाच-सहा रेघा ओढलेल्या असतात आणि ‘निर्देशित भागांना नावे द्या’ एवढीच सूचना असते. पुस्तकातली आकृती पाठ केलेल्या मुलांना हा प्रश्न सोपा वाटतो. पण पाठ झालेली असते ती नावांची जागा: वर डावीकडे हे, खाली उजवीकडे ते. चित्रकाराने छेद थोडा वेगळा घेतला किंवा रेघ दुसऱ्या बाजूने ओढली, की ही जागा कामाला येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक भाग कशाला जोडलेला आहे आणि त्यातून रक्त कुठे जाते, हे पाहून नाव द्यायची सवय लागली तर आकृती कशीही काढलेली असली तरी अडत नाही.

पहिला गोंधळ डाव्या-उजव्याचा. आकृतीतले हृदय आपल्यासमोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचे असते. त्यामुळे त्याची उजवी बाजू कागदाच्या डाव्या बाजूला येते. हे बहुतेकांना माहीत असते, तरी घाईत विसरले जाते. शिवाय हृदय मागच्या बाजूने दाखवले असेल तर हा नियम उलटतो. म्हणून छेदात आधी खालच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे निलयांच्या भिंती पाहाव्यात. जाड भिंतीचे ते डावे निलय. दोन्ही निलये प्रत्येक ठोक्याला जवळपास सारखेच, सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलतात. पण उजव्याला ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोहोचवायचे असते, तर डाव्याला मेंदूपासून पायाच्या बोटांपर्यंत. विश्रांतीच्या वेळी डाव्या निलयातला दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, उजव्यातला २५च्या आसपास. म्हणून प्रौढ माणसात डावी भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते आणि उजवी तिच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतकी. बाजू एकदा नक्की झाली की निम्मे काम झाले.

दुसरा गोंधळ फुप्फुस धमनी आणि फुप्फुस शिरा यांचा. आकृतीत ऑक्सिजनयुक्त रक्त लाल आणि ऑक्सिजन कमी असलेले रक्त निळे रंगवतात. धमनी लाल आणि शिरा निळी, असे मुलांच्या मनात बसते, आणि फुप्फुसांशी जोडलेल्या वाहिन्यांपाशी हे गणित चुकते. धमनी म्हणजे हृदयापासून दूर रक्त नेणारी वाहिनी, शिरा म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी. फुप्फुस धमनी हृदयातून निघते, पण ऑक्सिजन मिळण्याआधीचे रक्त नेते, म्हणून ती निळी. फुप्फुस शिरा ऑक्सिजन घेतलेले रक्त परत आणतात, म्हणून त्या लाल. रंगावरून नव्हे, दिशेवरून नाव द्यायचे.

फुप्फुस धमनी आणखी एका कारणाने फसवते. ती उजव्या निलयातून निघते, पण महाधमनीच्या पुढून तिरकी डावीकडे वर चढते. त्यामुळे तिचा वरचा भाग डाव्या अलिंदाच्या जवळ दिसतो आणि ती डाव्या बाजूचीच वाटते. अशा वेळी वाहिनीवर बोट ठेवून खाली उतरावे आणि ती कोणत्या कप्प्यात उघडते ते पाहावे. पातळ भिंतीच्या निलयात उघडली तर फुप्फुस धमनी, जाड भिंतीच्या निलयात उघडली तर महाधमनी. वरच्या टोकालाही ओळख पटते: फुप्फुस धमनी दोन्ही फुप्फुसांकडे दुभंगते, तर महाधमनी कमानीसारखी वळते आणि कमानीच्या माथ्यावरून तीन शाखा वर जातात.

झडपांच्या बाबतीत नावच चकवते. त्रिदली झडप उजव्या बाजूला आणि द्विदली डाव्या बाजूला असते, पण उभ्या छेदात बहुतेक वेळा दोन्हींच्या दोन-दोनच पाकळ्या दिसतात. पाकळ्या मोजून उत्तर येत नाही, बाजू पाहावी लागते. अर्धचंद्राकृती झडपा मात्र सहज वेगळ्या काढता येतात. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपांना खालून दोरीसारखे तंतू धरून ठेवतात, म्हणजे निलय आकुंचन पावताना पाकळ्या वर उलटत नाहीत. महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपांना असे तंतू नसतात.

आता एक आकृती सोडवून पाहू. ‘क’ ही रेघ कागदाच्या डाव्या बाजूला, वरून खाली येणाऱ्या वाहिनीवर टेकते. ‘ख’चे टोक खालच्या दोन कप्प्यांमधल्या जाड स्नायूत आहे. ‘ग’ उजवीकडच्या एका बारीक वाहिनीवर आहे, ‘घ’ दोन फाटे फुटणाऱ्या वाहिनीवर. कागदावर उजवीकडच्या निलयाची भिंत जाड दिसते, म्हणजे हे समोरून दिसणारे हृदय आहे. ‘क’ उजव्या अलिंदात उघडते आणि वरून येते, म्हणून ती ऊर्ध्व महाशिरा. ‘ख’चे टोक पोकळीत असते तर तो कप्पा ठरला असता, पण ते स्नायूत आहे, म्हणून तो दोन निलयांमधला पडदा. ‘ग’ डाव्या अलिंदात उघडते, म्हणून फुप्फुस शिरा. ‘घ’ उजव्या निलयातून निघून दुभंगते, म्हणून फुप्फुस धमनी.

इथे ‘ग’ कागदाच्या डाव्या बाजूला असती, तर अनेकांनी तिला महाशिरा म्हटले असते. फुप्फुस शिरा सहसा चार असतात, प्रत्येक फुप्फुसातून दोन. उजव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या दोन शिरा महाशिरेच्या अगदी शेजारी दिसतात, पण उजव्या अलिंदाच्या मागून जाऊन डाव्या अलिंदात उघडतात.

नावे लिहून झाली की रक्ताच्या वाटेने ती वाचून पाहावीत: महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदली झडप, उजवे निलय, फुप्फुस धमनी, मग फुप्फुसातून फुप्फुस शिरा, डावे अलिंद, द्विदली झडप, डावे निलय, महाधमनी. दोन नावांची अदलाबदल झाली असेल तर या वाटेत कुठेतरी एक भाग पुढच्याला जोडलेला सापडत नाही. सगळीच डावी-उजवी उलटली असेल तर महाधमनी पातळ भिंतीतून निघालेली दिसते.

वनस्पती पेशीच्या आकृतीतही हीच पद्धत चालते. मधली मोठी पोकळी पाहून तिला केंद्रक म्हणणारे बरेच असतात, पण ती रिक्तिका. पूर्ण वाढलेल्या पेशीत तीच बहुतेक जागा व्यापते आणि केंद्रकाला कडेला ढकलते. पेशीभित्तिका आणि प्रद्रव्यपटल एकमेकांना चिकटून असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकात वेगळी दिसत नाहीत. लाल कांद्याच्या रंगीत सालीचा पातळ पापुद्रा मिठाच्या तीव्र द्रावणात ठेवला की रससंकोच होतो: पाणी बाहेर जाते, रिक्तिकेतला रंगीत रस आकसतो, त्याच्याबरोबर प्रद्रव्यपटल आत ओढले जाते आणि पेशीभित्तिका जागच्या जागी राहते. आकृतीत आकार न बदललेली बाहेरची रेघ ही पेशीभित्तिका आणि आकसलेल्या भागाची कड हे प्रद्रव्यपटल. रेघेचे टोक या दोहोंमधल्या रिकाम्या जागेत असेल, तर तिथे कोणतेही अंगक नसते. भित्तिकेतून झिरपलेले मिठाचे पाणीच असते.